मतं कमी, जागा जास्त: जपानमधला एकच पक्ष पुन्हा पुन्हा कसा जिंकतो?

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे दोनच प्रकारची चर्चा होते. एक म्हणजे "लोकच तसे आहेत, त्यांना हेच हवंय." दुसरी म्हणजे "मशीनमध्ये गडबड आहे." पहिलं वाक्य बोलणारा थकलेला असतो, दुसरं बोलणारा चिडलेला. दोघांचा मुद्दा खरा आहे की खोटा, या वादात मी इथे शिरत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या दोन्ही उत्तरांनंतर माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. लोकच तसे असतील तर काम कशाला करायचं, आणि मशीनच बिघडलेली असेल तर मत तरी कशाला द्यायचं?

तिसरं उत्तर शोधायचं असेल तर जपानकडे पाहावं. तिथे मतदानाचं मशीन नाही. मतदाराला कोरी कागदी मतपत्रिका मिळते आणि तो पेन्सिलीने उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. वर्तमानपत्रं मोकळी आहेत, न्यायालयं चालतात, विरोधी पक्ष उघडपणे काम करतात. तरीही १९५५ साली स्थापन झालेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष (पुढे त्याला एलडीपी म्हणू) १९९३ पर्यंत सलग ३८ वर्षं सत्तेत राहिला. त्यानंतरच्या ३० वर्षांत तो सत्तेबाहेर होता ती वर्षं मिळून जेमतेम चार भरतात. राज्यशास्त्रात याला 'वर्चस्वशाली पक्षाची पद्धत' म्हणतात. म्हणजे स्पर्धा खरी असते, मतमोजणी खरी असते, पण जिंकणारा बहुतेक वेळा तोच असतो.

हे कसं घडतं याचं उत्तर एका जोडीच्या आकड्यांत बरंचसं सापडतं. तिथूनच सुरुवात करू.

२००९ आणि २०१२

२००९ च्या ऑगस्टमध्ये एलडीपीचा इतिहासातला सर्वांत मोठा पराभव झाला. लोकसभेसारख्या तिथल्या कनिष्ठ सभागृहात ४८० जागा होत्या. त्यांपैकी ३०० जागा आपल्यासारख्या एकसदस्यीय मतदारसंघांतून आणि १८० जागा पक्षांच्या याद्यांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भरल्या जात. एलडीपीला एकूण ११९ जागा मिळाल्या, तर डेमोक्रॅटिक पक्षाला ३०८. सरकार बदललं.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि एलडीपीला २९४ जागा मिळाल्या. शिंझो आबे पंतप्रधान झाले. जगभरच्या बातम्यांत 'जनता पुन्हा एलडीपीकडे वळली' असाच सूर होता.

आता जागा बाजूला ठेवून मतं पाहा. २००९ मध्ये, म्हणजे दारुण पराभवाच्या वर्षी, एकसदस्यीय मतदारसंघांत एलडीपीच्या उमेदवारांना सुमारे २ कोटी ७३ लाख मतं होती. २०१२ मध्ये, म्हणजे दणदणीत विजयाच्या वर्षी, ती झाली सुमारे २ कोटी ५६ लाख. पक्षाच्या यादीला २००९ मध्ये १ कोटी ८८ लाख मतं होती, ती २०१२ मध्ये १ कोटी ६६ लाखांवर आली. दोन्हीकडे मतं घटली. पण ३०० मतदारसंघांतल्या त्यांच्या जागा ६४ वरून २३७ झाल्या.

म्हणजे जनता एलडीपीकडे वळलीच नव्हती. जनता दुसऱ्या बाजूकडून निघून गेली होती, आणि निघून तीन दिशांना पांगली. काही लोक घरीच बसले. मतदान ६९ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर आलं. काही नव्या पक्षांकडे गेले. त्या निवडणुकीत डझनभर पक्ष रिंगणात होते. उरलेले जुन्या डेमोक्रॅटिक पक्षासोबत राहिले. त्या पक्षाची मतदारसंघांतली मतं ३ कोटी ३५ लाखांवरून १ कोटी ३६ लाखांवर आली.

हे पांगणं आकाशातून पडलं नव्हतं. डेमोक्रॅटिक सरकारने २०१२ मध्ये उपभोग कर ५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत नेण्याचा कायदा केला. निवडणुकीत त्यांनी असं काही करू असं सांगितलेलं नव्हतं. त्यावरून इचिरो ओझावा आपले खासदार घेऊन बाहेर पडले. ओसाकातून एक नवा पक्ष राष्ट्रीय पातळीवर उतरला. अणुऊर्जाविरोधी मतं, करविरोधी मतं, सुधारणावादी मतं अशी प्रत्येकाची वेगळी चूल मांडली गेली. एका मतदारसंघात एलडीपीचा एक उमेदवार आणि समोर तीन-चार जण, असं चित्र जागोजागी दिसू लागलं.

अशा लढतीचं गणित सोपं आहे. १०० मतांपैकी ४० एकाला, ३३ दुसऱ्याला, २७ तिसऱ्याला मिळाली तर ४० वाला जिंकतो. असं शंभर मतदारसंघांत घडलं तर ४० टक्के मतांवर शंभरही जागा येऊ शकतात. २०१२ मध्ये एलडीपीला मतदारसंघांत ४३ टक्के मतं आणि ७९ टक्के जागा मिळाल्या. याद्यांच्या १८० जागांत मात्र जागा मतांच्या प्रमाणात मिळतात. तिथे २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर पक्षाला ५७ जागा मिळाल्या, म्हणजे ३२ टक्के. एकाच दिवशी, त्याच मतदारांनी, दोन वेगळ्या नियमांखाली मत दिलं आणि दोन वेगळे देश दिसले.

पण समोरचे पांगलेलेच का राहतात?

इथपर्यंतचं उत्तर अर्धवट आहे. 'विरोधकांनी एकत्र यावं' हे वाक्य प्रत्येक पराभवानंतर ऐकू येतं. प्रश्न असा की ३८ वर्षं, दहा-बारा निवडणुका, एवढी साधी गोष्ट जपानच्या विरोधी पक्षांना कळलीच नाही का? कळत होती. पण जुन्या निवडणूक नियमात त्यांना वेगळं राहणंच फायद्याचं होतं. तो नियम समजून घेण्यासारखा आहे.

१९९४ पर्यंत जपानमध्ये एका मतदारसंघातून साधारण तीन ते पाच खासदार निवडले जात, पण मतदाराला मत एकच. सर्वांत जास्त मतं मिळवणारे पहिले तीन, चार किंवा पाच निवडून येत. एक काल्पनिक मतदारसंघ घेऊ. जागा चार, मतं चार लाख. एलडीपीच्या पाठीशी १ लाख ८६ हजार लोक, समाजवादी पक्षाच्या पाठीशी ९८ हजार, कोमेइतो पक्षाच्या पाठीशी ६० हजार आणि कम्युनिस्टांच्या पाठीशी ५६ हजार.

एलडीपीने तीन उमेदवार दिले आणि मतं सारखी वाटली गेली, तर प्रत्येकाला ६२ हजार मिळतात. समाजवाद्यांचा एक उमेदवार ९८ हजारांवर पहिला येतो आणि पाठोपाठ एलडीपीचे तिघेही येतात. ४६ टक्के मतांवर चारपैकी तीन जागा. आता समाजवाद्यांनी धाडस करून दोन उमेदवार दिले असं समजा. प्रत्येकी ४९ हजार मतं होतात आणि दोघेही पडतात. चौथी जागा कोमेइतोला जाते. त्यामुळे समाजवादी पक्ष शहाणपणाने एकच उमेदवार द्यायचा. तो हमखास यायचा आणि पक्ष जिवंत राहायचा. कोमेइतो आणि कम्युनिस्टांनाही कुठे ना कुठे एखादी जागा मिळायची, त्यामुळे विलीन होण्याची गरज कुणालाच वाटायची नाही.

पण 'हमखास एक' या शहाणपणाची किंमत देशपातळीवर दिसते. १९५८ नंतर समाजवादी पक्षाने एकाही निवडणुकीत बहुमत मिळवता येईल इतके उमेदवारच उभे केले नाहीत. सगळेच्या सगळे निवडून आले असते तरी सरकार बनलं नसतं. मतदारासमोर पर्यायी सरकार नव्हतं, फक्त निषेधाची खिडकी होती.

आता एलडीपीच्या बाजूने तेच गणित करा. त्यांच्या तिघांपैकी एक जण फारच लोकप्रिय झाला आणि त्याने एकट्याने १ लाख मतं ओढली, तर उरलेल्या दोघांना ४३-४३ हजार राहतात आणि दोघेही पडतात. म्हणजे या पद्धतीत मोठ्या पक्षाला मतं मिळवून भागत नाही, ती मापून वाटावी लागतात. शिस्तीच्या भाषणांनी हे होत नाही. एलडीपीने ते कशाने केलं, तिथे सगळ्या गोष्टीचं मूळ आहे.

रस्ता, पूल आणि निधी

एकाच पक्षाचे तीन उमेदवार एकमेकांविरुद्ध धोरणावर बोलू शकत नाहीत, कारण धोरण तिघांचं एकच. मग प्रत्येकाने आपला भाग धरला. एकाने नदीच्या अलीकडची गावं, दुसऱ्याने बंदराचा भाग, तिसऱ्याने बाजारपेठ. प्रत्येकाची स्वतःची समर्थक संघटना असे, तिला 'कोएनकाई' म्हणतात. ती पक्षाची शाखा नसते, त्या नेत्याची खासगी यंत्रणा असते. लग्नाला आहेर, मयतीला हजेरी, सहलीला बस, मुलाच्या नोकरीसाठी शब्द, आणि या सगळ्याच्या वर गावाला रस्ता किंवा पूल. "हा पूल साहेबांनी आणला" हे वाक्य आपल्याला जपानी भाषेतून अनुवादित करून घ्यायची गरज नाही.

विरोधी पक्षाचा खासदारही लग्नाला जाऊ शकतो. पण पूल आणू शकत नाही. इथे जपानच्या राज्यरचनेचा एक भाग महत्त्वाचा आहे. तिथल्या प्रांतांना आणि नगरपालिकांना कामं भरपूर होती, पण स्वतःच्या करांतून येणारा पैसा थोडा होता. बाकी पैसा टोकियोहून येत असे. जपानमध्ये याला उपहासाने 'तीन आण्यांची स्वायत्तता' या अर्थाचा शब्द आहे. त्यांच्या हिशेबात तीस टक्के.

आता एखाद्या लहान शहरातल्या तरुण, कर्तबगार नगरसेवकाच्या जागी स्वतःला ठेवा. तुमच्या वॉर्डात शाळेची इमारत हवी आहे. पैसा टोकियोत आहे. टोकियोत कायम एकच पक्ष आहे. तुम्ही कोणत्या पक्षात जाल? विचारसरणी काहीही असो, काम करायचं असेल तर एलडीपीत, नाहीतर 'अपक्ष' राहून एलडीपीशी जमवून घेणं. पंधरा वर्षांनी खासदारकीचा उमेदवार शोधायची वेळ येते तेव्हा अनुभवी, लोकांना माहीत असलेली, निवडून येऊ शकणारी माणसं सगळी एकाच बाजूला असतात. अमेरिकी अभ्यासक इथन शायनर यांनी जपानच्या विरोधी पक्षांच्या अपयशाचं हेच मुख्य कारण मांडलं आहे. विरोधकांना मतदार नव्हते असं नाही, त्यांच्याकडे उमेदवार नव्हते.

या यंत्रणेचा सर्वांत ठळक माणूस म्हणजे काकुएई तानाका. निईगाता हा जपानच्या समुद्राकडचा बर्फाळ, मागास प्रांत. तानाकांनी तिथे रस्ते, बोगदे, पूल आणि शेवटी बुलेट ट्रेनही नेली. १९७२ मध्ये ते पंतप्रधान झाले. १९७६ मध्ये लॉकहीड विमान कंपनीच्या लाच प्रकरणात त्यांना अटक झाली. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. डिसेंबरमध्ये निवडणूक झाली आणि तानाका सुमारे २ लाख २० हजार मतांनी आपल्या मतदारसंघात पहिले आले. टोकियोतल्या संपादकांनी निईगाताच्या लोकांना अडाणी म्हटलं तरी त्या लोकांचा हिशेब अडाणी नव्हता. दर हिवाळ्यात बर्फाने तुटणारं त्यांचं गाव आता तुटत नव्हतं, आणि ते काम कुणी केलं हे त्यांना माहीत होतं. भ्रष्टाचाराचा खर्च देशभर वाटला जातो, पूल मात्र एका गावाला मिळतो.

त्यात शेतकऱ्यांची भर घाला. युद्धानंतरच्या जमीन सुधारणेने कुळं मालक झाली. सरकार त्यांचा तांदूळ ठरलेल्या भावाने विकत घेई आणि तो भाव ठरवताना शेतकरी सहकारी संघटनेचा दबाव असे. संघटना मतं देई, पक्ष भाव देई. आणि गावातल्या मताचं वजनही जास्त होतं. लोक शहरांकडे गेले, पण मतदारसंघांच्या जागा त्या वेगाने बदलल्या नाहीत. १९७२ च्या निवडणुकीत सर्वांत दाट आणि सर्वांत विरळ मतदारसंघांमध्ये एका मताच्या किमतीत जवळपास पाचपट फरक होता. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी घटनाबाह्य ठरवली, पण झालेली निवडणूक रद्द केली नाही. निकाल बरोबर, परिणाम शून्याच्या जवळ.

रागाला घरातच जागा

तरीही लोक चिडतातच. ३८ वर्षांत घोटाळे झाले, महागाई झाली, प्रदूषणाने माणसं मेली. हा राग सत्तांतरापर्यंत का पोचला नाही याची दोन कारणं दिसतात.

पहिलं म्हणजे पक्षातले गट. एलडीपीत पाच-सहा मोठे गट होते, प्रत्येकाचा नेता, निधी आणि खासदार वेगळे. पंतप्रधान नकोसा झाला की दुसऱ्या गटाचा माणूस यायचा. तानाकांनंतर स्वच्छ प्रतिमेचे ताकेओ मिकी आले, हे याचं उत्तम उदाहरण. शिवाय त्या बहुसदस्यीय मतदारसंघात एलडीपीच्या एका खासदारावर चिडलेला मतदार एलडीपीच्याच दुसऱ्या उमेदवाराला मत देऊ शकत होता. राग व्यक्त व्हायचा, मत मात्र घरातच राहायचं.

दुसरं कारण विरोधकांच्या बाजूने जास्त महत्त्वाचं आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी मोठ्या शहरांत विरोधी पक्षांच्या पाठिंब्यावरचे महापौर आणि गव्हर्नर निवडून येऊ लागले. टोकियोत र्योकिची मिनोबे १९६७ मध्ये गव्हर्नर झाले. त्यांनी प्रदूषणावर राष्ट्रीय कायद्याहून कडक नियम केले आणि १९६९ पासून वृद्धांना मोफत औषधोपचार दिले. लोकांना ते आवडलं. मग एलडीपीने काय केलं? १९७० मध्ये संसदेच्या एकाच अधिवेशनात प्रदूषणाविषयीचे चौदा कायदे केले आणि १९७३ पासून वृद्धांचे मोफत उपचार देशभर लागू केले. विरोधकांचा कार्यक्रम उचलला, अंमलात आणला, श्रेय घेतलं.

याकडे दोन्ही अंगांनी पाहायला हवं. विरोधकांचा मुद्दा हिरावला गेला हे खरं. पण मिनामाता आखातातल्या पाऱ्याने माणसं मरत होती, आणि कायदा झाला हेही खरं. निवडणूक हरूनही धोरण जिंकता येतं, अट एवढीच की सत्ताधाऱ्याला हरण्याची थोडी तरी भीती वाटली पाहिजे. ती भीती तिथे शहरांतून, स्थानिक निवडणुकांतून आली. संसदेतल्या भाषणांतून आली नाही.

१९९३ मध्ये एलडीपी शेवटी सत्तेबाहेर गेली, तीही मतदारांनी ढकलल्यामुळे नव्हे. निवडणुकीआधी पक्षच फुटला, ओझावा आणि त्सुतोमु हाता आपापले लोक घेऊन बाहेर पडले. उरलेल्या एलडीपीने ५११ पैकी २२३ जागा राखल्या, तरीही ती सर्वांत मोठा पक्ष होती. आठ गटांनी मिळून मोरिहिरो होसोकावांचं सरकार बनवलं. ते सरकार आणि त्यानंतरचं हातांचं सरकार मिळून वर्षही टिकलं नाहीत. १९९४ च्या जूनमध्ये एलडीपी परत आली, आणि कुणासोबत? आपल्या ४० वर्षांच्या प्रतिस्पर्ध्यासोबत, समाजवादी पक्षासोबत. पंतप्रधानपद समाजवाद्यांना दिलं. १९९६ च्या निवडणुकीत तो समाजवादी पक्ष १५ जागांवर आला आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही.

गठ्ठा मतांची किंमत

या मासिकाच्या वाचकांनी ज्याकडे खास लक्ष द्यावं अशी एक गोष्ट उरते. कोमेइतो हा पक्ष १९६४ मध्ये सोका गाक्काई या बौद्ध संघटनेतून निघाला. पुढे पक्ष आणि संघटना औपचारिकरीत्या वेगळ्या झाल्या, पण मतदार तेच राहिले. शहरांतले कष्टकरी, छोटे दुकानदार, एकमेकांना ओळखणारे, शिस्तीने मत देणारे लोक. देशभर विखुरलेला, कुठेच बहुसंख्य नसलेला समाज. बाकीचे त्यांच्याकडे संशयाने पाहत.

१९९४ च्या नव्या नियमाने मतदारसंघ एकसदस्यीय झाले आणि अशा समाजाची जागा जिंकण्याची शक्यता जवळपास संपली. पण दुसऱ्याला जिंकवण्याची किंवा पाडण्याची ताकद वाढली. कोमेइतोची मतं प्रत्येक मतदारसंघात साधारण दहा ते वीस हजार असावीत असा अंदाज नेहमी दिला जातो. अटीतटीच्या लढतीत एवढी मतं पुरतात. १९९९ मध्ये कोमेइतो एलडीपीसोबत सरकारात गेला. सौदा स्पष्ट होता. मतदारसंघात आमचे लोक तुमच्या उमेदवाराचं नाव लिहितील, आणि यादीच्या मतपत्रिकेवर तुमच्या लोकांना आमच्या पक्षाचं नाव लिहायला सांगा.

यातून कोमेइतोला काय मिळालं? मंत्रिपद, मुलांसाठीचे भत्ते वाढवण्याचं वजन, आणि २०१९ मध्ये उपभोग कर १० टक्के झाला तेव्हा अन्नावर तो ८ टक्केच ठेवण्याची सवलत. हे खरे फायदे होते, गरीब घरांपर्यंत पोचणारे. काय गमावलं? शांततावाद ही त्या संघटनेची ओळख होती. २०१४ मध्ये आबे सरकारने शांततेच्या कलमाचा अर्थ बदलून मित्रदेशाच्या बाजूने लष्करी कारवाईची वाट उघडली, आणि कोमेइतोने मसुद्यातले शब्द मवाळ करून घेतले, पण सोबत सोडली नाही. संघटनेतले सामान्य सदस्य रस्त्यावर उतरून आपल्याच पक्षाविरुद्ध उभे राहिले. शेवटी राजकीय निधीच्या घोटाळ्यावरून २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पक्ष युतीतून बाहेर पडला, २६ वर्षांनी.

आपल्याकडे मुसलमानांच्या मताला 'गठ्ठा' म्हणून हिणवलं जातं, आणि आपणही कधी त्यावर चिडतो, कधी त्याचा अभिमान बाळगतो. कोमेइतोचा अनुभव सांगतो की गठ्ठा असणं ही ताकदही नाही आणि गुन्हाही नाही. मताची किंमत ते एकत्र आहे यावरून ठरत नाही, ते दुसरीकडे जाऊ शकतं का यावरून ठरते. २६ वर्षं दुसरीकडे जाण्याची शक्यता जसजशी कमी होत गेली, तसतशी कोमेइतोची मागणी धोरणाकडून मसुद्यातल्या शब्दांपर्यंत आक्रसत गेली. आपली परिस्थिती वेगळी आहे. आपल्याला एका बाजूने जवळच घेतलं जात नाही आणि दुसरी बाजू आपल्याला गृहीत धरते. पण परिणाम तोच होतो, कारण ज्याला जायला दुसरी जागा नाही त्याच्याशी सौदा कशाला करायचा?

आपल्या अंगणातलं उदाहरण

हे सगळं परदेशी वाटत असेल तर १९५७ चं पश्चिम महाराष्ट्र आठवा. देशभर काँग्रेस ४५ ते ४८ टक्के मतांवर लोकसभेच्या जवळपास तीन चतुर्थांश जागा जिंकत होती, कारण समोरचे समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघ, शेकाप, सगळे वेगळे लढत. संयुक्त महाराष्ट्र समितीत हे पक्ष एका प्रश्नावर एकत्र आले, एका जागेला एक उमेदवार दिला, आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका बसला. १९६० मध्ये राज्य झालं, प्रश्न संपला, समिती विखुरली. १९६२ मध्ये विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या. त्याच वर्षांत साखर कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा उभ्या राहत होत्या, आणि कर्तबगार तरुण निधी जिथे आहे तिथे गेले. निईगाताची गोष्ट इथेही घडली, फक्त तांदळाच्या जागी ऊस होता.

एका मुद्द्यावर एकत्र येणं एक निवडणूक जिंकून देतं. उमेदवार घडवणं अनेक निवडणुका टिकतं. जपानच्या विरोधकांनी पहिलं दोनदा केलं, १९९३ आणि २००९ मध्ये, आणि दोन्ही वेळा लवकरच हरले, कारण दुसरं झालेलं नव्हतं.

मर्यादाही सांगायला हवी. जपानमध्ये एलडीपी हरली तेव्हा तिने दोन्ही वेळा निमूटपणे सत्ता सोडली, आणि तिथलं वर्चस्व लोकशाहीतलं म्हणता येतं ते त्यामुळेच. जिथे विरोधी नेते तुरुंगात जातात, मतदारयादीतून नावं गळतात किंवा हरलेला खुर्ची सोडत नाही, तिथे हे विश्लेषण पुरत नाही. तो आजार वेगळा आहे. दोन्हींची लक्षणं एकत्र दिसू शकतात, आणि म्हणूनच आधी मोजून पाहायचं.

मोजायचं म्हणजे काय, तर पुढच्या निकालानंतर आपल्या मतदारसंघाचे तीन आकडे काढायचे. जिंकलेल्या पक्षाची प्रत्यक्ष मतं मागच्या वेळेपेक्षा वाढली की घटली. टक्के नको, मतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवाराची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त होती का. आणि हरलेल्या उमेदवाराने त्याआधी नगरपालिका, जिल्हा परिषद किंवा निदान सोसायटीची निवडणूक कधी जिंकली होती का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'घटली' आणि दुसऱ्याचं 'हो' असेल, तर लोक बदललेले नाहीत, मांडणी चुकली आहे. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर काम पाच वर्षांनी येणाऱ्या विधानसभेचं नाही, त्याआधी येणाऱ्या वॉर्डाच्या निवडणुकीचं आहे.